दुसऱ्या शनिवारचं आवतण

पहिल्या पत्रात मी एवढंच लिहिलं होतं की शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे बोर्ड गेम खेळूया, जमेल तसे या. कॉलेज सुटून बारा वर्षं झाली होती. आम्ही आठ जण पुण्यातच होतो, पण भेट व्हायची ती कुणाच्या लग्नात नाहीतर कुणाच्या वडिलांच्या दहाव्याला. पत्र गेलं आणि लोक खरंच आले, मात्र जमेल तसे. तिघं पाचला आले, चौथा साडेपाचला आला. चौघं झालो म्हणून आम्ही ‘कतान’चा डबा उघडला. पाचवी मैत्रीण चिंचवडहून दोन वाहनं बदलून सव्वासहाला पोचली, तेव्हा पटावर गावं वसली होती, रस्ते निघाले होते आणि मेंढ्यांच्या बदल्यात विटांचे सौदे रंगात आले होते.

कतानच्या मूळ डब्यात चारच रंगांच्या सोंगट्या असतात. पाचव्या माणसाला त्यात जागाच नाही. आम्ही तिला म्हणालो, ‘बस गं, दहा मिनिटांत संपतंय.’ संपायला सव्वा तास लागला. तोवर ती स्टुलावर बसून बघत राहिली, मध्ये उठून तिनेच सगळ्यांना चहा करून दिला, आणि साडेसातला ‘उशीर होतोय’ म्हणून निघाली. त्या संध्याकाळी तिच्या हातात एकदाही फासा आला नाही. पुढचे दोन महिने तिला जमलं नाही. तिसऱ्या महिन्यात मी पत्र नव्यानं लिहिलं.

ते दुसरं पत्र इथे देतो, कारण त्यातली जवळपास प्रत्येक ओळ अशा कुठल्यातरी चुकीतून आलेली आहे.

‘प्रिय,
दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या घरी खेळायला बसायचं ठरवलंय. ही तारीख कुणासाठीही हलणार नाही, त्यामुळे एखाद्या महिन्यात जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, पुढचा दुसरा शनिवार आहेच. वेळ पाच ते साडेआठ. सव्वापाचला पहिला डाव सुरू होईल आणि आठनंतर नवा मोठा डाव मांडायचा नाही, म्हणजे साडेआठला तू जिन्यात असशील.

येणार की नाही एवढं गुरुवारी रात्रीपर्यंत कळव. किती जण आहोत त्यावर कुठला खेळ ते ठरेल, आणि शुक्रवारी मी खेळाचं नाव कळवीन. उशीर होणार असेल किंवा लवकर निघायचं असेल तर तेही आधीच सांग, त्याप्रमाणे डाव मांडू.

घरचे नियम थोडेच आहेत. नवा खेळ ज्यानं सुचवला त्यानं तो घरून वाचून यायचा आणि दहा मिनिटांत समजावून सांगायचा. पहिल्यांदा खेळणारा पहिल्या डावात कच्चा लिंबू, त्याला पुढच्याची चाल होईपर्यंत आपली चाल मागे घेता येईल. नियमावरून वाद झाला तर पुस्तकात दोन मिनिटं शोधायचं, नाही सापडलं तर हात वर करून ठरवायचं आणि वहीत लिहायचं. पैसे लावायचे नाहीत. खाणं मध्यंतरात आणि दुसऱ्या टेबलावर. घरून फोन आला तर खुशाल घे, बाकी फोन पिशवीत.

येताना काही आणू नकोस. वनाझच्या मेट्रो स्थानकावरून चालत दहा मिनिटं.’

दुसरा शनिवार निवडण्याचं कारण साधं आहे. आमच्यातली एक बँकेत आहे, आणि 2015च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते. आणखी एकाच्या कंपनीत शनिवार-रविवार दोन्ही मोकळे, एकाच्या क्लासला शनिवारी दुपारी सुट्टी. याआधी मी ‘कुठला दिवस बरा’ असं विचारून पाहिलं होतं. आठ जणांना चार तारखा दिल्या, तेव्हा एकही तारीख सगळ्यांना जमेना आणि विचारपूस करण्यातच महिना गेला. तारीख ठरलेली असली की माणूस आपली इतर कामं तिच्या आजूबाजूला बसवतो. ‘हलणार नाही’ हे शब्द लिहिताना मला थोडं कठोर वाटलं होतं. पण एकदा एकासाठी तारीख पुढे ढकलली, की बाकी सातांच्या मनातून तो दिवस जातो.

पत्र मी हातानं लिहिलं, त्याचा फोटो काढला आणि प्रत्येकाला वेगवेगळा पाठवला. ग्रुपवर टाकलं नाही. ग्रुपवर पहिल्यानं ‘या वेळी अवघड आहे’ लिहिलं, की दुसऱ्याला नाही म्हणायला बळ येतं आणि तिसरा गप्प बसतो. एकेकट्याला आलेल्या पत्राला प्रत्येक जण स्वतःचं उत्तर देतो. पहिल्या वेळी आठांपैकी सहा उत्तरं बुधवारीच आली.

आता गुरुवारच्या मुदतीबद्दल, कारण सगळी संध्याकाळ तिच्यावर उभी आहे. पत्त्यांत आपण हे न सांगता पाळतो. मेंढीकोट चौघांचा, पाच-तीन-दोन तिघांचा, झब्बूला कितीही चालतात. घरात किती माणसं आहेत ते मोजून आजी खेळ ठरवायची. डब्यातल्या खेळांनाही तोच हिशेब लागतो, फक्त तो डब्यावर लिहिलेला असतो आणि आपण वाचत नाही. कतानला तीन किंवा चार. ‘तिकीट टु राइड’ला दोन ते पाच. ‘कोडनेम्स’ला चार ते आठ, आणि तोही दोन गटांत. त्यामुळे गुरुवारी चार नावं आली तर मी कतान काढतो, पाच आली तर तिकीट टु राइड, सहा किंवा जास्त आली तर कोडनेम्स, किंवा एका टेबलावर कॅरम आणि दुसऱ्यावर काहीतरी. चिंचवडच्या मैत्रिणीला स्टुलावर बसवणारी चूक या एका मोजणीनं टळते.

एक ठरलेली संध्याकाळ उलगडून सांगतो. पाच जण यायचे होते. तिकीट टु राइड हा अ‍ॅलन मून या रचनाकाराचा 2004चा खेळ. पट म्हणजे अमेरिकेचा जुना रेल्वे नकाशा. प्रत्येकाकडे प्लॅस्टिकचे 45 डबे असतात आणि हातात दोन-दोन शहरांची गुप्त तिकिटं. रंगीत पत्ते साठवायचे आणि त्या रंगाचे पुरेसे पत्ते झाले की दोन शहरांमधला मार्ग आपल्या डब्यांनी भरायचा. तिकिटावरची दोन शहरं जोडली तर गुण, नाही जोडली तर तेवढेच गुण वजा. समजावायला दहा मिनिटं पुरतात, कारण आपल्या पाळीला करण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत: पत्ते उचल, मार्ग भर, नाहीतर नवी तिकिटं घे. आम्ही सव्वापाचला समजावायला बसलो, साडेपाचला पहिला पत्ता उचलला आणि सातला शेवटचा मार्ग भरला. डब्यावर लिहिलेला वेळ याहून कमी आहे. नवा माणूस असेल तर मी नेहमी डब्यावरच्या वेळेची दीडपट धरतो. सात ते सव्वासात मध्यंतर, मग कोडनेम्सचे तीन डाव. सव्वाआठला आवराआवर.

मोठा खेळ आधी आणि छोटा नंतर, हा क्रम आम्हाला उशिरा कळला. पहिल्यांदा आम्ही उलट केलं होतं. छोट्या खेळात रमलो, ‘अजून एक, अजून एक’ करता करता सात वाजले आणि मग कतान मांडला. साडेआठला दोघांना निघायचं होतं. कतानमध्ये मधूनच उठलेल्या माणसाची गावं आणि रस्ते पटावर तसेच अडून राहतात, त्यामुळे उरलेल्यांचाही डाव मोडतो. म्हणून पत्रात परतीची वेळ यायच्या वेळेइतकीच ठळक लिहिली. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा म्हातारे आई-वडील आहेत, त्यांना साडेआठला सुटका आहे हे आधी कळलं तरच ते हो म्हणतात.

कोडनेम्सबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण हा खेळ मराठीत खेळायला डबाही लागत नाही. व्लाडा ख्वातिल या चेक रचनाकाराचा हा 2015चा खेळ. पाच बाय पाच असे 25 शब्द टेबलावर मांडतात. त्यांपैकी नऊ सुरुवात करणाऱ्या गटाचे, आठ दुसऱ्या गटाचे, सात कुणाचेच नाहीत आणि एक घातक. कुठला शब्द कुणाचा ते फक्त दोन्ही गटांच्या म्होरक्यांना ठाऊक असतं. म्होरक्यानं एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलायचं, त्यावरून भिडूंनी आपले शब्द ओळखायचे. घातक शब्दाला बोट लावलं की तो गट तिथेच हरला.

आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दीडशे मराठी शब्द लिहिले. निवडताना एकाहून जास्त अर्थांचे शब्द मुद्दाम घेतले: हार, पान, कर, नाव, कळ, वात, माळ, मान, वार, तार. एकदा आमच्या गटाचे ‘हार’ आणि ‘पान’ उरले होते आणि म्होरक्यानं सूचना दिली, ‘फुलं, दोन’. त्याच्या डोक्यात फुलांचा हार आणि फुलपुडीचं पान होतं. भिडूंनी आधी हार बरोबर उचलला आणि मग एका आवाजात ‘माळ’ म्हणाले. माळ घातक होती. म्होरक्यानं सूचना सुचल्यावर आधी घातक शब्दाकडे बघायचं आणि मग तोंड उघडायचं, हे त्या दिवशी सगळ्यांना पटलं. त्याच शब्दांवर ‘पराभव, एक’ म्हणून नुसता हार सोडवला असता तर डाव हातात राहिला असता.

मराठीत या खेळाला एक अडचण येते आणि तिथे घरचा नियम करावाच लागतो. सूचना एका शब्दाची हवी, पण आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि समासही जोडून लिहितात. कुणी ‘देवळातली’ म्हणालं तर तो एक शब्द की त्यात देऊळही आलं, जागाही आली आणि स्त्रीलिंगही आलं? त्या ‘ली’मुळे भिडूंना वात आणि माळ कळतात, हार गळतो. यावर आमच्यात बराच वेळ वाद झाला. शेवटी वहीत लिहिलं की सूचना शब्दकोशात जशी सापडते तशी, मूळ रूपात द्यायची, प्रत्यय लावायचा नाही. जोडशब्द शब्दकोशात असेल तर चालेल. म्हणून ‘महाप्रसाद’ चालतो, ‘देऊळवाट’ चालत नाही. टेबलावर ‘पान’ असेल तर ‘पानवाला’ म्हणता येणार नाही, हे तर मूळ खेळाच्याच नियमात बसतं. या टेबलाजवळ एक शब्दकोश कायम ठेवलेला असतो.

घरचा नियम म्हणजे काय, याबद्दल माझं मत ठाम झालंय ते ‘व्यापार’मुळे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दुपारभर चालायचा आणि शेवटी कुणीच जिंकायचं नाही. ज्या ‘मोनोपोली’वरून तो आला, तिचे मूळ नियम मोठेपणी वाचले तेव्हा कारण समजलं. मूळ नियमांत, एखाद्या जागेवर आलेल्या खेळाडूनं ती विकत घेतली नाही तर तिचा तिथेच सगळ्यांमध्ये लिलाव होतो. आम्ही लिलाव कधी केलाच नाही, त्यामुळे जागा विकल्या जायला तास तास लागायचा. शिवाय दंडाचे पैसे पटाच्या मध्यावर साठवायचे आणि ठरावीक घरावर येईल त्याला ते सगळे द्यायचे, असा आमचा नियम होता. तो मूळ नियमांत नाही, तिथे दंड बँकेत जातो. खेळ संपतो कसा, तर लोकांचे पैसे संपून. दंडाची रास वाटत राहिलं की बुडणारा पुन्हा तरतो आणि डाव संपायचं नाव घेत नाही. आम्ही तो नियम दयेपोटी केला होता, आणि त्याच दयेनं खेळ रटाळ केला.

म्हणून पत्रातला एकही नियम खेळाच्या आतल्या यंत्राला हात लावत नाही. वेळ, वाद, नवखा माणूस, खाणं, फोन एवढ्याबद्दलच ते आहेत. नवा खेळ निदान तीनदा छापील नियमांनी खेळल्याशिवाय त्यात बदल सुचवायचा नाही, हेही वहीत आहे. कतानमध्ये आम्ही एकच बदल केला, तोही पाचव्या डावानंतर. दोन फाशांची बेरीज सात आली की फासा टाकणारा दरोडेखोराची सोंगटी कुणाच्या तरी जमिनीवर नेऊन बसवतो, ती जमीन मग पीक देत नाही आणि तिथल्या एकाचा एक पत्ताही जातो. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी सहा सातच्या आहेत, इतर कुठल्याही बेरजेच्या त्याहून कमी. म्हणजे सरासरी दर सहाव्या फेकीला सात येतो. पहिल्याच फेरीत तो आला तर ज्याच्यावर दरोडा पडला त्याचा पाय सुरुवातीलाच अडकतो. आम्ही ठरवलं की पहिल्या दोन फेऱ्यांत सात आला तर पुन्हा टाकायचा. याने खेळ लांबत नाही, फक्त सगळ्यांची सुरुवात होते.

कॅरमच्या बाबतीत मात्र उलटा अनुभव आला. ज्याला खेळाचे नियम पाठ आहेत असं आम्ही समजत होतो, त्यावरच सर्वांत मोठं भांडण झालं. राणी घेतल्यावर लगेच कव्हर घ्यायचं, नाहीतर राणी मध्यात परत, इथवर एकमत होतं. पण अंगठ्यानं मारायचं की नाही, फाउल झाला तर सोंगटी कुठे लावायची, यावर प्रत्येकाच्या गल्लीचा आणि होस्टेलचा कायदा वेगळा निघाला. मेंढीकोटात आपण पानं वाटण्याआधीच ‘बंद हुकूम की कट हुकूम’ विचारून घेतो, ते कॅरमला कुणी विचारत नाही. आता स्ट्रायकर हातात घेण्याआधी वहीतलं कॅरमचं पान मोठ्यानं वाचतो. सहा ओळी आहेत, अर्धं मिनिट लागतं.

वादासाठी दोन मिनिटांची मर्यादा लिहिली, त्यामागेही एक संध्याकाळ आहे. पुस्तकात नियम शोधता शोधता वीस मिनिटं गेली आणि शोधणारे दोघं सोडून बाकीचे स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. नियम शेवटी सापडला, पण डाव परत बसला नाही. आता हात वर करून ठरतं, त्या डावापुरतं तेच खरं, आणि घरी गेल्यावर ज्याला हवं त्यानं शोधून पुढच्या वेळी सांगावं. वहीतले तीन निर्णय असे पुढच्या महिन्यात खोडले गेले. खोडताना कुणी रडीचा डाव म्हणालं नाही, कारण झालेल्या डावाचा निकाल त्यानं बदलत नाही.

खाण्याबद्दलची ओळ काहींना जाचक वाटली. कारण दाखवतो. आमच्या कतानमधल्या गव्हाच्या एका पत्त्यावर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, बाकरवडीच्या तेलाचा बोटाएवढा डाग आहे. डाग पुसून गेला नाही, कागदात मुरला. तो पत्ता ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे गहू आहे हे समोरच्याला पाठीमागून दिसतं, आणि या खेळात हातातले पत्ते झाकलेले असणं हाच अर्धा खेळ आहे. पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घालता येतात, पण तीही तेलकट होतात. सात वाजताच्या मध्यंतरात भेळ, हात धुऊन परत पटाशी, एवढंच पुरतं. यजमानानं एकच पदार्थ करावा, कारण पाहुणचाराचं ओझं वाढलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात यजमानाच्या घरूनच कुरकुर सुरू होते.

कच्चा लिंबू हा शब्द पत्रात घालताना मी थोडा साशंक होतो, मोठ्या माणसाला कसं वाटेल म्हणून. पण तो शब्द वाचूनच आमचा एक मित्र पहिल्यांदा आला. त्याला या नव्या खेळांची भीती वाटायची, सगळ्यांसमोर चुकीची चाल होईल म्हणून. कच्च्या लिंबाला राज्य येत नाही हे त्याला बालपणापासून माहीत होतं. मात्र सवलत एकाच डावाची ठेवावी, आणि चाल मागे घेण्यापुरतीच. त्याला काय खेळायचं ते बाजूच्यानं सांगायचं नाही. ‘पॅन्डेमिक’सारख्या सगळ्यांनी मिळून खेळायच्या खेळात तर हे फारच होतं. ज्याला खेळ येतो तो चौघांच्या चाली एकटाच ठरवतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्यावरून सोंगट्या हलवतात. नवखा असेल त्या दिवशी मी असा खेळ काढतच नाही.

आठ जणांच्या वर मी यादी वाढवली नाही. दोन टेबलं झाली की समजावणारेही दोन लागतात आणि मध्यंतर एका वेळी येत नाही. नववा मित्र विचारत होता, त्याला हे पत्रच पाठवलं आणि त्याच्या घरी चौथा शनिवार सुरू करायला सांगितलं.

तुम्ही असं पत्र लिहिणार असाल तर आधी माणसं मोजा, मग घरात असलेल्या डब्यांवरचे आकडे वाचा, आणि डबा एकही नसेल तर लग्नपत्रिकांच्या मागे दीडशे शब्द लिहून काढा. नियम माझे घेऊ नका. चार-पाचच लिहा आणि वही कोरी ठेवा. आमच्या वहीत आज अकरा नियम आहेत, त्यांतला पहिला चिंचवडच्या मैत्रिणीच्या अक्षरात आहे: सव्वापाचनंतर आलेल्याला त्याच डावात कुणाचा तरी भिडू करून घ्यायचं, स्टुलावर बसवायचं नाही.